गर्भाशयमुख कर्करोगाची तपासणी : आरोग्यशिक्षणाचे सत्र कसे आखावे?

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा सावकाश वाढणारा आजार आहे. ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा, संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला तर गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये प्रथम कर्करोगपूर्व बदल होतात आणि त्यांतून प्रत्यक्ष कर्करोग होण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. या दीर्घ काळात एखाद्या परिचारिकेने काही मिनिटांत करावयाच्या साध्या तपासणीने हे बदल ओळखता येतात व कर्करोग होण्याआधीच ते नाहीसे करता येतात. असे असूनही, २०२२ या वर्षी भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतलेल्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के आढळले.

या तफावतीचे एक कारण उघड आहे. अनेक ठिकाणी तपासणीची सोयच नसते. पण सोय असली म्हणजे स्त्रिया येतातच, असेही नाही. तामिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात २००० नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात ४९ हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणीचे निमंत्रण होते. तपासणी विनामूल्य होती, प्रशिक्षित परिचारिका ती करीत होत्या आणि आवश्यक ते उपचारही मिळत होते. तरीही सुमारे ६३ टक्के स्त्रियाच आल्या. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया का आल्या नाहीत, हा प्रश्न केवळ माहितीच्या अभावाने सुटत नाही. आरोग्यशिक्षणाचे सत्र आखताना नेमका हाच प्रश्न समोर ठेवावा लागतो आणि त्यासाठी ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ या नावाने ओळखले जाणारे आरोग्यधारणा प्रतिमान उपयोगी पडते.

फिरत्या क्ष-किरण गाड्यांचा धडा

या प्रतिमानाचा जन्मही अशाच एका कोड्यातून झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग शोधण्यासाठी छातीचे क्ष-किरण चित्र काढणाऱ्या गाड्या वस्त्यावस्त्यांत पाठविल्या. सेवा विनामूल्य होती व दाराशी होती. तरीही पुष्कळ लोक फिरकले नाहीत. या सेवेतील गॉडफ्रे हॉखबाउम या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि तो लवकर सापडल्यास फायदा होतो, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी स्वतःहून चित्र काढून घेतले होते. यांपैकी एकही गोष्ट न पटलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. हे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉखबाउम आणि आयर्विन रोझेनस्टॉक यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून जी मांडणी केली, तीच पुढे आरोग्यधारणा प्रतिमान म्हणून प्रचारात आली.

या मांडणीचे सार थोडक्यात असे आहे. निरोगी वाटणारी व्यक्ती तपासणीस येते ती चार गोष्टींचा मनाशी हिशेब करून : हा आजार मला होऊ शकतो काय, झाल्यास तो किती गंभीर असेल, तपासणीने मला लाभ काय आणि त्यासाठी मला कोणत्या अडचणी सोसाव्या लागतील. हा हिशेब जुळला तरी प्रत्यक्ष पाऊल उचलण्यासाठी काही निमित्त लागते. आशाताईंची हाक, तारीख लिहिलेली चिठ्ठी, शेजारणीचा अनुभव. याला कृतीची चालना म्हणतात. १९८८ मध्ये यात सहावी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे ‘हे मला जमेल’ हा आत्मविश्वास.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. या सहा गोष्टींचे वजन सारखे नाही. १९८४ मध्ये नॅन्सी जान्झ आणि मार्शल बेकर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा माणसाच्या वर्तनाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो त्याला जाणवणाऱ्या अडचणींचा. आजाराच्या गांभीर्याचा संबंध सर्वांत दुबळा होता. आपल्याकडील आरोग्यशिक्षणाची सत्रे मात्र बहुधा याच्या उलट आखलेली असतात. कर्करोगाची भीषण चित्रे, मृत्यूचे आकडे आणि लक्षणांची यादी यांत अर्धाअधिक वेळ जातो आणि ‘म्हणून सर्वांनी तपासणी करून घ्यावी’ या वाक्याने सत्र संपते. ज्या कारणाने स्त्रिया येत नाहीत, त्या कारणाचा त्यात उच्चारही होत नाही.

आधी विचारपूस, मग आखणी

प्रतिमानाचा पहिला उपयोग सत्रात नसून सत्राच्या आधी आहे. कोणती धारणा आड येते आहे हे ठाऊक नसेल तर वेळ कशावर खर्च करावयाचा, हे ठरविता येत नाही. यासाठी मोठ्या पाहणीची गरज नाही. आशा कार्यकर्तीने आपल्या वस्तीतील आठ-दहा स्त्रियांशी त्यांच्या घरी, निवांतपणे बोलावे. ‘तपासणीला याल का?’ असा प्रश्न मात्र विचारू नये. आशाताईंचे मन मोडू नये म्हणून बहुतेक जणी ‘येऊ की’ म्हणतात आणि त्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी, ‘पुढच्या बुधवारी उपकेंद्रावर यायचे म्हटले, तर काय काय अडचण येईल?’ असे विचारावे. ‘ही तपासणी कशी करतात, असे ऐकले आहे?’ आणि ‘जायचे ठरले तर घरात कोणाला विचारावे लागेल?’ हे आणखी दोन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तरे स्त्रियांच्याच शब्दांत वहीत टिपावीत.

अशा विचारपुशीत सामान्यतः कोणती उत्तरे येतात, हे क्षेत्रात काम करणाऱ्यांना परिचित आहे. ‘मला काही त्रास नाही, मग कशाला तपासायचे?’ ‘मला चार मुले झाली, सगळी नीट झाली, पिशवीला काही झाले असते तर कळले नसते का?’ ‘तपासले की काहीतरी निघणारच आणि मग पिशवी काढायला सांगतात.’ ‘ते लोखंडी घालतात ना?’ ‘डॉक्टर बाप्या असतो.’ ‘यजमान म्हणतील, तुला असले काय झाले?’ आता ही उत्तरे प्रतिमानाच्या चौकटीत बसवून पाहावीत. पहिली दोन ‘मला धोका नाही’ या धारणेची आहेत. तिसरे तपासणीच्या लाभाविषयी शंका व्यक्त करते. तपासणी आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया यांची सांगड या स्त्रीच्या मनात पक्की आहे. शेवटची तिन्ही अडचणींची आहेत. आजार गंभीर नाही, असे यांतील एकीनेही म्हटलेले नाही. कर्करोग हा शब्द ऐकूनच स्त्रिया धास्तावतात. त्यांना आणखी भीती घालण्याने काय साधणार? लाभाची खात्री आणि वाट सोपी असल्याचा भरवसा नसताना वाढविलेली भीती माणसाला तपासणीकडे नव्हे, तर त्या विषयापासून दूर नेते.

पंचेचाळीस मिनिटांचे सत्र

एक सत्र प्रत्यक्ष आखून पाहू. एका आशाच्या हजारभर लोकवस्तीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रिया ढोबळमानाने दीडशेच्या आसपास असतात. त्यांपैकी वीस-पंचवीस जणींचा एक गट घ्यावा, म्हणजे सहा-सात सत्रांत वस्ती पूर्ण होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या कार्यात्मक आराखड्यानुसार हा वयोगट तपासणीसाठी ठरविलेला असून, तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. सत्राची जागा अंगणवाडी किंवा एखाद्या घराची पडवी चालेल. मात्र पुरुष आसपास नसावेत. वेळ स्त्रियांच्या कामाच्या सोयीची, म्हणजे बहुतेक गावांत दुपारी दोन ते चारच्या दरम्यानची असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सत्र तपासणीच्या दिवसापूर्वी आठवडाभराच्या आत घ्यावे. महिन्यापूर्वी पटलेली गोष्ट महिन्यानंतर आठवतेच, असे नाही.

पहिली दहा मिनिटे धोक्याच्या जाणिवेसाठी द्यावीत. येथे उलटा ठेवलेला तांब्या फार उपयोगी पडतो. तांब्याचा फुगीर भाग म्हणजे गर्भपिशवी, खाली आलेले तोंड म्हणजे पिशवीचे तोंड. आजार होतो तो या तोंडाच्या काठाला. तो काठ आत असल्याने स्वतःला दिसत नाही आणि सुरुवातीचा बदल दुखत नाही, हे तांब्याच्या काठावरून बोट फिरवीत सांगितले की ‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ या समजुतीला आपोआप धक्का बसतो.

याच टप्प्यावर विषाणूचा उल्लेख करावा लागतो आणि तो जपून करावा लागतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरे. ते लपवू नये. परंतु एवढेच सांगून थांबल्यास ‘हा वाईट चालीचा आजार’ असा अर्थ निघतो आणि मग तपासणीला जाणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे ठरते. म्हणून पुढचे वाक्य लगेच यावे : हा विषाणू इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो, एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या स्त्रीलाही होतो, बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, थोड्याजणींत तो राहतो, पण तो कोणात राहिला आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. थोडक्यात, धोका सर्वांना सारखा असल्याचे सांगितले की कोणा एकीवर बोट रोखले जात नाही.

आजाराच्या गांभीर्यासाठी तीन-चार मिनिटे पुरेत. वाढलेल्या कर्करोगाचे उपचार लांब शहरात, महिनोन्महिने चालणारे आणि घर मोडणारे असतात, एवढे सांगणे बस्स आहे. चित्रे दाखवू नयेत.

लक्षणांच्या यादीविषयी येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण चांगल्या हेतूने आखलेली सत्रे नेमकी येथे फसतात. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ही लक्षणे सत्राच्या आरंभी सांगितली की ऐकणारी स्त्री मनाशी ताडून पाहते आणि ‘यातले मला काही नाही’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकते. चाळणी तपासणी ही लक्षणे नसलेल्या स्त्रीसाठीच असते, हा मूळ मुद्दा तेथेच हरवतो. यासाठी लक्षणे शेवटी आणि वेगळ्या शीर्षकाखाली सांगावीत : ज्यांना यांपैकी काही होत असेल त्यांनी तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे, आणि ज्यांना यांपैकी काहीच होत नाही, त्यांच्यासाठीच बुधवारची तपासणी आहे.

लाभ सांगताना आठ मिनिटे लागतात आणि त्यांतील निम्मी तपासणीचा निकाल समजावण्यात जातात. उपकेंद्रावर केली जाणारी तपासणी व्हीआयए या नावाने ओळखली जाते. पिशवीच्या तोंडाला तीन ते पाच टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, कापसाने लावतात, एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. निकाल त्याच वेळी कळतो. आता, ‘पांढरे दिसले’ म्हणजे कर्करोग नव्हे, हे सत्रातच ठसले पाहिजे. दिंडिगुलच्या अभ्यासात तपासलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहाजणींत असा पांढरा भाग दिसला. त्यांपैकी कर्करोग निघालेल्या फारच थोड्या होत्या. सूज किंवा साध्या संसर्गानेही असे दिसू शकते. ज्यांच्यात खरोखर कर्करोगपूर्व बदल असतो, त्यांच्यापैकी बहुतेकींत तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. पिशवी काढावी लागत नाही. ‘तपासले की पिशवी जाते’ असे म्हणणाऱ्या मावशींना उद्देशूनच हे सांगावयाचे आहे : ‘मावशी, पिशवी वाचावी म्हणून ही तपासणी आहे.’

लाभाची अतिशयोक्तीही करू नये. एकदा निकाल ठीक आला म्हणजे जन्मभराची हमी मिळाली, असे नाही. म्हणून पाच वर्षांनी पुन्हा यावयाचे आहे. पाळी बंद झालेल्या स्त्रियांत तपासावयाचा भाग आत सरकतो व व्हीआयएने नीट दिसत नाही. अशा स्त्रीला पुढील केंद्रात दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीसाठी पाठविले जाऊ शकते, हे आधीच सांगितलेले बरे.

अडचणींसाठी सर्वाधिक वेळ

उरलेल्या वेळातील पंधरा मिनिटे अडचणींची आहेत आणि सत्राचा खरा गाभा हाच. येथे व्याख्यान थांबवावे. विचारपुशीत टिपलेली वाक्ये, कोणाचे नाव न घेता, एकेक करून वाचून दाखवावीत आणि ‘असे कोणाकोणाला वाटते?’ असे विचारावे. आपल्याच मनातले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की स्त्रिया बोलू लागतात. प्रत्येक अडचणीला उत्तर एकतर वस्तुस्थितीने किंवा सोयीने द्यावयाचे असते, उपदेशाने नव्हे.

‘लोखंडी घालतात’ या भीतीला उत्तर म्हणजे ते उपकरण हातात देणे. प्लास्टिकचा एक वापरून टाकावयाचा स्पेक्युलम गटात फिरवावा, तो कसा उघडतो ते प्रत्येकीने स्वतः पाहावे. दुखते का, या प्रश्नाला ‘मुळीच नाही’ असे उत्तर देऊ नये. ताण जाणवतो, पाळीतल्यासारखी थोडी कळ येऊ शकते, द्रावणाने किंचित चुरचुरते आणि काही मिनिटांत संपते; अंग सैल सोडून तोंडाने सावकाश श्वास घेतला तर सोपे जाते; आणि हात वर केला की सिस्टर थांबतील. तपासणी करून आलेल्या स्त्रीला खोटे आश्वासन दिल्याचे जाणवले तर तिच्यामागून येणाऱ्या दहाजणी थांबतात.

लाजेच्या अडचणीला उत्तर सोयीचे आहे : तपासणारी स्त्रीच असेल, पडदा असेल, लुगडे वा साडी सोडावी लागणार नाही, आत दुसरे कोणी येणार नाही. पण हे आश्वासन देण्यापूर्वी ते खरे आहे, याची आशा कार्यकर्तीने स्वतः उपकेंद्रावर जाऊन खात्री करून घ्यावी.

घरच्यांच्या परवानगीची अडचण अधिक बिकट असते. ‘तुम्ही ठाम राहा’ असे सांगणे सोपे आहे, निरुपयोगीही आहे. त्यापेक्षा घरी काय बोलावयाचे, त्याचा सराव गटातच करून घ्यावा. एकीने सून व्हावे, दुसरीने सासू. ‘आत्याबाई, आशाताई सांगत होत्या, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचीच तपासणी आहे, साखर-रक्तदाबही बघणार आहेत, तुम्हीही चला,’ हे वाक्य पुष्कळ घरांत चालते, कारण त्यात सुनेवर संशयाला जागा उरत नाही आणि सासूला सोबत मिळते. रक्तदाब व मधुमेहाची तपासणी त्याच आराखड्याचा भाग असल्याने हे खोटेही नाही. ज्या सासूने एकदा तपासणी करून घेतली, ती पुढे अडसर राहत नाही. बहुधा तीच इतरांना घेऊन येते.

अखेरच्या आठ-दहा मिनिटांत निर्णयाचे रूपांतर तारखेत करावयाचे असते. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करीत नाहीत. म्हणून ‘बुधवारी या’ असे सर्वांना सरसकट सांगितले की पाळी असलेल्या स्त्रिया त्या दिवशी येत नाहीत आणि पुन्हा येण्याचे राहून जाते. प्रत्येकीने आपला अंदाज घेऊन दोन तारखांपैकी एक निवडावी, आशाने ती चिठ्ठीवर लिहून द्यावी, दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी आणि स्त्रियांच्या जोड्या लावून द्याव्यात. पूर्वी तपासणी करून घेतलेली गावातलीच एखादी स्त्री असेल तर तिला दोन मिनिटे बोलू द्यावे; तिच्या शब्दाला सिस्टरच्या शब्दाहून अधिक वजन असते. ज्यांचे गर्भाशय काढलेले आहे, त्यांना वेगळे बाजूला घेऊन शस्त्रक्रियेचे कागद आणावयास सांगावे. काही शस्त्रक्रियांत पिशवीचे तोंड मागे राहते आणि अशा स्त्रीला तपासणीची गरज असू शकते. गरोदर स्त्रियांची तपासणी बाळंतपणानंतरच्या काळासाठी नोंदवून ठेवावी.

सत्र साधले की नाही?

सत्रानंतर प्रश्नपत्रिका देऊन गुण मोजण्याची पद्धत रूढ आहे. सत्र संपताच विचारले तर गुण वाढलेलेच दिसतात. त्यांतून तपासणी किती झाली, हे कळत नाही. मोजावयाची गोष्ट एकच आहे : सत्रास आलेल्या व तपासणीस पात्र असलेल्या स्त्रियांपैकी तीस दिवसांत किती जणींची तपासणी झाली आणि ज्या आल्या नाहीत त्यांचे कारण काय.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, सत्रास २४ स्त्रिया आल्या. त्यांपैकी दोघींचे गर्भाशय पूर्ण काढलेले आहे, एक गरोदर आहे. पात्र उरल्या २१. तीस दिवसांत १२ जणींची तपासणी झाली. आता राहिलेल्या नऊजणींकडे आशा पुन्हा जाते. चौघींना ठरल्या दिवशी पाळी आली आणि दुसरी तारीख मिळाली नाही. दोघी उपकेंद्रावर गेल्या होत्या, पण सिस्टर लसीकरणासाठी दुसऱ्या गावी गेल्याने परत आल्या. दोघींना घरून नकार मिळाला. एकीला अजूनही भीती वाटते. या नऊजणींसाठी ‘आणखी जनजागृती’ हवी, असा शेरा मारणे चुकीचे ठरेल. समजावण्याची गरज आहे ती एकीला. चौघींना नवी तारीख हवी, दोघींना सिस्टर जागेवर असण्याची खात्री हवी आणि दोन घरांत आशाने किंवा तपासणी झालेल्या शेजारणीने जाऊन बोलावयास हवे. पुढच्या सत्रात दोनऐवजी तीन तारखा ठेवल्या तर सर्वांत मोठी गळती तेथेच थांबू शकते. राहिलेल्यांची कारणे अशी मांडली की पुढील सत्राची आखणी आपोआप पुढे येते.

परत पाठविलेल्या दोघींचे प्रकरण मात्र साधे समजू नये. घरचे काम टाकून, लाज बाजूला सारून आलेली स्त्री रिकामी परतली की तिच्या मनातील अडचणींची बाजू पूर्वीपेक्षा जड होते आणि ती हे इतरांना सांगते. यासाठी सत्राची तारीख ठरविण्यापूर्वी प्रशिक्षित परिचारिका, ताजे द्रावण, दिवा, पडदा आणि ज्यांना पुढे पाठवावयाचे ते रुग्णालय, एवढ्या गोष्टी निश्चित झाल्या पाहिजेत. त्या नसतील तर सत्र पुढे ढकलणे अधिक हिताचे.

प्रतिमानाच्या कक्षेबाहेर

आरोग्यधारणा प्रतिमान व्यक्तीच्या मनातील हिशेबापुरते बोलते. निर्णय जेथे एकटीचा नसतो, रोजंदारी बुडाली तर संध्याकाळची चूल अडते, उपकेंद्र आठ किलोमीटर दूर असते, तेथे धारणा बदलूनही पाऊल पडत नाही आणि त्याचा दोष त्या स्त्रीच्या ‘अज्ञाना’कडे जाऊ लागतो. सत्र घेणाऱ्यांनी हा मोह टाळला पाहिजे.

शिक्षणाने काय साधते आणि कशाने साधत नाही, याचा एक बोलका पुरावा मुंबईतच मिळाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा कर्करोगविषयक शिक्षण आणि प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य सेविकांकडून व्हीआयए तपासणी झाली. तुलनेच्या गटाला आरंभी एकदा शिक्षण दिले गेले. बारा वर्षांनंतर तपासणीच्या गटात गर्भाशयमुख कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. शिक्षण दोन्ही गटांना मिळाले होते, पण मृत्यू कमी झाले ते तपासणीच्या गटात. तपासणीपर्यंत आणि तेथून उपचारापर्यंत न पोहोचविणाऱ्या शिक्षणाकडून फार अपेक्षा धरता येत नाही, असाच याचा अर्थ होतो.

मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या अभ्यासात बोलाविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया आल्या. दिंडिगुलशी त्याची थेट तुलना योग्य नव्हे. तरी ग्रामीण भारतातही एवढा सहभाग शक्य आहे, हे त्यातून दिसते. याच अभ्यासाने एचपीव्ही चाचणी एकदा केल्यानेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे २००९ मध्ये दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या चाचणीला प्राधान्य देण्याची शिफारस केली असून, तिचा नमुना स्त्रीला स्वतःच घेता येतो. जेथे ही सोय उपलब्ध होईल, तेथे स्पेक्युलम, लाज आणि पाहणारे डोळे या तिन्ही अडचणी एकदम गळून पडतील. पण तेव्हा विचारपूस पुन्हा नव्याने करावी लागेल. ‘मी घेतलेला नमुना बरोबर असेल ना?’ ही नवी शंका त्या जागी येते आणि निकाल उशिरा कळत असल्याने तो घेण्यासाठी स्त्रीने परत येणे, हा नवा टप्पा वाढतो.

व्हीआयएच्या बाबतीतही सर्वाधिक स्त्रिया हरवतात त्या दुसऱ्या फेरीच्या वेळी. पांढरा भाग दिसलेल्या स्त्रीला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जावयाचे असते. तिच्यासाठी तोच हिशेब पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी अडचणी निराळ्या असतात : बसभाडे, दिवसभराची मजुरी, अनोळखी इमारत आणि घरी सांगावयाचे काय. गोठविण्याच्या उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो व सुमारे महिनाभर शरीरसंबंध टाळावा लागतो; हे पतीला कोणी समजावून सांगितलेले नसेल तर अनेक स्त्रिया उपचारच टाळतात. म्हणून अशा प्रत्येक स्त्रीशी, तिची इच्छा असल्यास पतीसह, वेगळे बसून बोलावे आणि रुग्णालयाच्या पहिल्या भेटीला आशा कार्यकर्तीने तिच्यासोबत जावे. त्या भेटीची तारीखही तपासणीच्याच दिवशी, ती उपकेंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी, चिठ्ठीवर लिहून द्यावी.